हँडल काढणार नाही

पनवेलच्या आमच्या ऑफिसात मला 'हट्टी' म्हणायचे. तोंडावर नाही, चहाच्या वेळी. मला ते कळायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आपट्याला नदीकाठी वाढलेल्या आम्हा बहिणींना घरी हाच शब्द इतक्या वेळा ऐकवला गेला होता की तो शिवी वाटेनासाच झाला होता. पुढे मी कॉम्प्युटरचं शिकले, करंजाड्यात भाड्याने राहू लागले, वेबसाइटचा दिसणारा भाग बांधायचं काम करू लागले. हट्ट मात्र बरोबर आला.

त्या वर्षी आमच्याकडे उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डाचं काम आलं. बंदरातून आलेले कंटेनर तिथे उतरतात, रचले जातात, पुन्हा ट्रकवर चढतात. गेटवर ट्रकची रांग, आत क्रेन, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारी एक कंट्रोल रूम. त्या खोलीसाठी आम्ही डॅशबोर्ड करत होतो. एका मोठ्या स्क्रीनवर तीन भाग होते. डावीकडे यार्डाचा नकाशा, मधे ट्रकच्या रांगेचा तक्ता, उजवीकडे गेटवरचा कॅमेरा. डिझाइन आमच्या टीम लीडचं होतं. पुण्याहून आलेला, हुशार, टापटिपीचा माणूस. त्याने तिन्ही भागांच्या रुंद्या टक्क्यांत ठरवून टाकल्या होत्या. नकाशाला सगळ्यात जास्त, कारण नकाशा सुंदर दिसत होता.

पहिली आवृत्ती दाखवायला आम्ही यार्डात गेलो तेव्हा त्या खोलीत काकी बसल्या होत्या. वयाने पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, चिरनेरच्या. गेटवर आलेल्या ट्रकला आत कुठल्या रांगेत पाठवायचं, हे त्या वर्षानुवर्षं ठरवत आल्या होत्या. सगळा यार्ड त्यांना काकीच म्हणायचा, ड्रायव्हरपासून साहेबांपर्यंत. एका आजारपणानंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप आला होता. कप धरताना त्या डाव्या हाताचा आधार द्यायच्या. फोनवर बोलताना आवाज मात्र असा की पलीकडचा ड्रायव्हर हॉर्न दाबायचा थांबत असणार.

त्यांनी आमचा डॅशबोर्ड बघितला. तक्त्यात कंटेनरचा नंबर अर्धाच दिसत होता, पुढे तीन टिंबं. पूर्ण नंबर बघायचा तर तक्त्याच्या तळाशी असलेली बारीक पट्टी माउसने पकडून बाजूला सरकवायची. काकींनी माउस धरला. बाण त्या पट्टीवर गेला, सुटला, परत गेला, परत सुटला.

"ह्यो नंबर सगला का नाय दिसत?" त्यांनी विचारलं.

लीड म्हणाला, "मॅडम, खाली स्क्रोलबार आहे, तो सरकवा."

"सरकवतेच हाय ना. आनि ह्यो नकाशा कशाला एवढा? यार्ड माज्या डोक्यात हाय. मला नंबर पायजे."

खोलीच्या दारात यार्डाचे मॅनेजर उभे होते. ते हसले, आणि आम्हाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. "त्यांचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "नवी सिस्टिम चालू झाली की त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवणार आहोत. त्या हाताने त्यांना हे जमायचं नाही. शिकलेली मुलं आणू."

दार उघडंच होतं. मी वळून बघितलं तर काकी सरळ माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पाण्याची बाटली विसरल्याचं निमित्त करून आत गेले.

"तू आपट्याची ना?" त्या म्हणाल्या. कुणीतरी सांगितलं असणार.

"हो."

"मंग आयक. मी चिरनेरची हाय. आमाला कोनी ऊठ म्हनलं का आमी बसतो. मी ह्या खुर्चीवरशी हालनार नाय. तुजा ह्यो टीवी कसा बसवायचा तो बसव, पन मला नंबर दिसला पायजे."

मी घरी ज्या भाषेत बोलते ती ऑफिसात कधी तोंडात येऊ देत नव्हते. त्या दिवशी आली. "दिसंल, काकी. मी करते," मी म्हणाले. बाहेर लीड गाडीचा दरवाजा उघडून वाट बघत होता.

परतीच्या वाटेवर मी त्याला म्हणाले, "आपण रुंद्या ठरवायच्याच कशाला? भागांच्या मधे हँडल देऊ. ज्याला जे मोठं हवं ते त्याने ओढून मोठं करावं."

"स्कोपमध्ये नाही, ठरलेल्या कामात बसत नाही," तो म्हणाला.

"स्कोपमध्ये काकींना काढणंही नव्हतं."

यावर तो जे बोलला ते मात्र अगदीच चुकीचं नव्हतं. आधीच्या एका कामात त्याने असंच ओढता येणारं काहीतरी दिलं होतं. एका माणसाने सूचनांचा कप्पा ओढून ओढून शून्यावर नेला, महत्त्वाची सूचना कुणाला दिसलीच नाही, आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटलं. "लोकांच्या हातात मांडणी दिली की लोक ती बिघडवतात," तो म्हणाला. "ठरलेली असली की निदान काय दिसणार ते आपल्याला माहीत असतं."

"मग शून्यावर जाऊच द्यायचं नाही," मी म्हणाले. त्याने रेडिओ लावला.

मी परवानगी मागितली नाही. दिलेलं काम दिवसा पुरं करत होते आणि उरलेल्या वेळात हँडल बांधत होते. लपूनही नाही. माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती.

ब्राउझरमध्ये पान मांडायची ग्रिड नावाची एक सोय आहे. आडव्या जागेचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याला रुंदी सांगायची. या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. मी तीनऐवजी पाच ट्रॅक केले. नकाशा, हँडल, तक्ता, हँडल, कॅमेरा. हँडलचे दोन ट्रॅक ठरलेल्या पिक्सेलचे, म्हणजे स्क्रीनवरच्या मोजक्या ठिपक्यांचे, अगदी अरुंद. बाकीचे तीन हिश्श्यांचे, म्हणजे उरलेल्या जागेतला याचा इतका वाटा, त्याचा तितका. हँडल ओढलं की माउसचा बाण कुठे आहे ते मोजायचं, त्यावरून दोन्ही बाजूंचे वाटे नव्याने काढायचे आणि ट्रॅकची रुंदी बदलायची. बाकी सगळं ब्राउझर करतो. एक नियम मी सुरुवातीलाच घातला. हँडलने फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांमध्ये देवाणघेवाण करायची. नकाशा आणि तक्त्यामधलं हँडल हललं तर कॅमेऱ्याच्या वाट्याला हात लागता कामा नये.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा ओढलं तेव्हा तक्ता मोठा झाला, पण लहान व्हायला तयार होईना. एका जागी येऊन अडला की अडला. मी हिशेब तपासत बसले, हिशेब बरोबर होता. मग कळलं की ग्रिडमध्ये नुसता हिस्सा सांगितला तर ट्रॅक आतल्या मजकुरापेक्षा अरुंद होत नाही. आमच्या तक्त्यात लांबलचक न तुटणारे नंबर होते, ते ट्रॅकला आतून रेटून धरत होते. उपाय म्हणजे प्रत्येक ट्रॅकला किमान आणि कमाल दोन्ही सांगायची. किमान शून्य, कमाल तो हिस्सा. मजकूर मावला नाही तर आतल्या आत सरकेल. एवढं लिहिल्यावर तक्ता निमूट लहान झाला. मी टेबलावर हात आपटला तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली.

मग मी त्या शून्याच्या जागी खरे आकडे घातले. कॅमेऱ्याला एवढी रुंदी मिळालीच पाहिजे, की ट्रकची नंबरप्लेट वाचता यावी. तक्त्याला एवढी. ओढताना करायच्या हिशेबातही तीच हद्द घातली, नाहीतर बाण पुढे जातो आणि हँडल मागे राहतं. लीडच्या भीतीला माझं उत्तर हेच होतं. ओढा, किती ओढायचं ते ओढा, कप्पा नाहीसा होणार नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याने आणली. त्याचं चित्र दुसऱ्याच एका कंपनीच्या पानातून येत होतं, आमच्या पानात खिडकी कापून बसवल्यासारखं. उजवीकडचं हँडल ओढत बाण त्या खिडकीवर गेला की आमच्या पानाला बाणाची बातमी मिळायचीच बंद व्हायची. हँडल तिथेच चिकटायचं. बटण सोडलं तरी ते कळायचं नाही, आणि बाण परत आला की हँडल भुतासारखं त्याच्या मागे धावायचं. यावर ब्राउझरकडे नेमकी सोय आहे. हँडल दाबताक्षणी सांगायचं की या बाणाच्या सगळ्या हालचाली आता यालाच कळव, तो बाण कुठेही भटको. सोडेपर्यंत पकड सुटत नाही.

ती पकड लिहिली आणि मला काकींचा हात आठवला. बारीक रेघेवरून बाण घसरला तरी आता ओढणं तुटणार नव्हतं. रेघ दिसायला बारीक ठेवली, पण पकडायची जागा दोन्ही बाजूंना न दिसता रुंद केली.

सुट्टीच्या दिवशी मी रिक्षा आणि मग एसटी करून यार्डात गेले, लॅपटॉप घेऊन. कुणी पाठवलं नव्हतं. काकींच्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली, मग मी लॅपटॉप पुढे ठेवला. "ही रेघ धरा आणि डावीकडे ओढा."

त्यांनी धरली. पहिल्याच झटक्यात धरली गेली, आणि मला आनंद झाला. पण ओढताना हात थरथरला तशी रेघही थरथरली. तक्ता मोठा लहान, मोठा लहान. त्यांनी बटण सोडलं ते नेमकं चुकीच्या जागी. पुन्हा धरली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माउस बाजूला सारला.

"नाय जमत," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मला तेच वाईट वाटलं, रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही टायपिंग कसं करता?" मी विचारलं.

"ह्या हाताने." त्यांनी डावा हात वर केला. "चटचट."

परत येताना एसटीत मी मोबाइलवर वाचत होते. माउस ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी असं हँडल कसं असावं, हे कुणीतरी आधीच विचार करून ठरवून ठेवलेलं आहे. हँडलपर्यंत टॅबची कळ दाबून पोहोचता आलं पाहिजे. डाव्या उजव्या बाणाच्या कळांनी ते थोडं थोडं सरकलं पाहिजे. ते दुभाजक आहे आणि आत्ता कुठे आहे, हे पानात नोंदवलेलं पाहिजे, म्हणजे दृष्टी नसलेल्या माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरसुद्धा ते सांगू शकतं. हे काही नवीन शोध लावणं नव्हतं. आम्ही ते करत नव्हतो, इतकंच. मी केलं. कळ एकदा दाबली की एक ठरलेला टप्पा. हात कितीही कापू दे, टप्पा तेवढाच.

आणखी एक गोष्ट राहिली होती. मांडणी लक्षात ठेवायची. सुरुवातीला मी ती त्या ब्राउझरमध्येच साठवली, आणि मग कपाळावर हात मारला. कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर एक आणि पाळीपाळीने बसणारी माणसं अनेक. काकी उठल्या की पुढच्या पाळीच्या माणसाला काकींची मांडणी मिळणार. म्हणून ती ज्याच्या त्याच्या लॉगिनबरोबर सर्व्हरवर साठवली. तीही पिक्सेलमध्ये नाही, हिश्श्यांत, म्हणजे उद्या स्क्रीन मोठी आली तरी प्रमाण तेच राहील.

मग मी लीडला दाखवलं. त्याने शांतपणे सगळं बघितलं. कॅमेऱ्याचा कप्पा नाहीसा करायचा त्याने मनापासून प्रयत्न केला, झाला नाही. क्षणभर मला वाटलं, पटलं.

"चांगलं केलंयस," तो म्हणाला. "पण डेमोच्या आधी काढून टाक."

"का?"

"क्लायंटने मागितलेलं नाही. मॅनेजरना सगळ्या पाळ्यांना एकच स्क्रीन हवी आहे. उद्या यात काही बिघडलं तर सांभाळायचं कुणी?"

"मी."

"तू कायमची असणार आहेस का इथे?"

"मी काढणार नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा. माझ्या हाताने नाही."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले.

डेमोला आम्ही दोघंच गेलो. कंट्रोल रूममध्ये मॅनेजर, त्यांच्या मागे उभी राहिलेली दोन चार माणसं, आणि खुर्चीवर काकी. त्यांनी खुर्ची सोडलीच नव्हती, म्हणून मॅनेजरना उभं राहावं लागलं होतं. आमचा लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला होता आणि तो माझ्यासमोर होता. यार्डाच्या चालू माहितीसकट डॅशबोर्ड उघडला. नकाशा, तक्ता, कॅमेरा. मधली हँडलं गायब.

लीडने कोड काढला नव्हता, सेटिंगमधून बंद करून ठेवला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. नकाशाबद्दल बोलायला सुरुवात केली, रंग, क्रेनची चिन्हं, कसं सगळं एका नजरेत येतं. तक्त्यात पुन्हा अर्धे नंबर आणि तीन टिंबं. काकींनी ती टिंबं बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला होता आणि तो त्यांच्या समोरच्या स्क्रीनवर कापलेला दिसत होता.

लीडचं वाक्य चालू असतानाच मी सेटिंगचं पान उघडलं. मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसत होतं मी काय करतेय ते. लीड थांबला. "अगं, ते नको आत्ता," तो हळू आवाजात म्हणाला.

"आत्ताच," मी म्हणाले, आणि चालू केलं. पान पुन्हा आलं तेव्हा दोन रेघा होत्या.

माझा आवाज थोडा चढला होता. "सर," मी मॅनेजरना म्हणाले, "हे तुम्ही मागितलेलं नाही, मला माहीत आहे. पण या खोलीत बसणाऱ्या माणसाला हे लागतं. एकदा बघा, मग नको म्हणा."

ते चिडले नाहीत, त्यांना कुतूहल वाटलं. पुढे झाले, माउस घेतला, आणि पहिली गोष्ट केली ती हीच, कॅमेरा ओढून नाहीसा करायची. हँडल हद्दीवर जाऊन थांबलं. त्यांनी अजून जोर केला, बाण स्क्रीनच्या कडेला पोहोचला, हँडल जागचं हललं नाही. परत आणलं तर मुकाट्याने परत आलं. "हं," ते म्हणाले. मग विचारलं, "पण पाळी बदलली की? एकाने बिघडवलं ते दुसऱ्याने भोगायचं?" मी लॉगिन बदलून दाखवलं. दुसऱ्या नावाने आत गेलं की मूळ मांडणी, पहिल्या नावाने गेलं की त्यांनी नुकतीच केलेली.

"ठीक आहे. चांगलं आहे," ते म्हणाले. आणि मग, अगदी सहज, काकी तिथे नाहीतच अशा सुरात, "तरी यांच्या हाताला हे ओढणं जमायचं नाही."

"माज्या हाताला काय जमतं ते मला इचारा," काकी म्हणाल्या. "मी हितंच बसले हाय."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "काकी, माउस नको. टॅब दाबा, मग बाण."

त्यांनी डाव्या हाताने टॅब दाबला आणि डावा बाण दाबला. तक्ता हलला नाही. नकाशाच सरकायला लागला, अख्खा यार्ड उजवीकडे चालला. कुणीतरी मागे हसलं. काकींनी पुन्हा बाण दाबला, यार्ड आणखी सरकला.

चूक मला लगेच कळली. नकाशालाही बाणाच्या कळा कळतात, आणि टॅबचा पहिला मुक्काम नकाशावर होता. हँडल त्याच्या पुढे. शिवाय मुक्काम कुठे आहे हे दाखवणारी जी कडा मी दिली होती, ती गडद पार्श्वभूमीवर दिसतच नव्हती. माझ्या लॅपटॉपवर मला ती दिसायची, कारण मला ती कुठे शोधायची ते माहीत होतं. काकींना आपण कुठे उभ्या आहोत हे कळायला मार्गच नव्हता.

लीड पुढे झाला. "आपण हे नंतर—"

"थांब रे," काकी म्हणाल्या. मोठ्या लीडला त्यांनी अरेतुरे केलं आणि तो थांबला. मग मला, "फुडं काय?"

"परत टॅब. रेघ रंगीत होईपर्यंत. नीट निरखून बघा, फिकी आहे."

त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, मान स्क्रीनकडे नेली. टॅब. नकाशावरची बटणं होती, त्यांवरून गेल्या. टॅब. टॅब. "ही का?"

"हीच."

डावा बाण. रेघ एक पाऊल डावीकडे गेली. पुन्हा. पुन्हा. न थरथरता, कुणीतरी मोजून ठेवल्यासारखी. नकाशा आक्रसत गेला, तक्ता पसरत गेला, तीन टिंबांच्या जागी एकेक आकडा बाहेर यायला लागला. शेवटी सगळे नंबर उघडे झाले, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत.

काकींनी हात मागे घेतला नाही. तशाच बसून त्यांनी फोन उचलला, स्क्रीनवरचा सगळ्यात वरचा नंबर एका दमात वाचला आणि गेटवर सांगितलं, "त्याला मागल्या रांगेत घ्या." मग फोन ठेवून मॅनेजरना म्हणाल्या, "मला रेकाड रूममदी बसवनार व्हता. तितं कोन जातंय ते बगा. मी नाय."

"रेकॉर्ड रूमचं अजून काही ठरलेलं नाही," मॅनेजर म्हणाले. ठरलेलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही. माणूस आपणहून मागे सरतोय तेव्हा त्याला मागची भिंत दाखवायची गरज नसते. हँडलं राहू द्या, असं ते जाताना म्हणाले.

गाडीत पळस्प्याच्या अलीकडे लीड म्हणाला, "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस."

"तुम्ही मला न सांगता बंद केलं होतं."

"मी लीड आहे."

"मी ते बांधलंय."

"आणि मुक्काम दाखवणारी कडा दिसत नव्हती. ती पण तूच बांधली होतीस."

"हो. ती चूक माझी. ती उद्या दुरुस्त करते. बाकीच्याची माफी मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी ती कडा जाड आणि पिवळी केली, टॅबच्या वाटेतली नकाशाची बटणं एका गटात बांधून एकाच मुक्कामावर आणली, आणि ते काम सोपवल्यावर आमच्या कंपनीच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला त्या प्रोजेक्टवरून काढण्यात येत होतं. त्यांनी ते 'टीमचा समतोल' वगैरे शब्दांत सांगितलं. मला एका शाळेच्या फी भरण्याच्या पानावर टाकलं गेलं, जिथे दोन खोके आणि एक बटण होतं. लीडची माफी मागितली तर बघू, असंही त्यांनी सुचवलं.

"कशाबद्दल?" मी विचारलं. त्यांनी शाळेच्या पानाची फाइल पुढे सरकवली. मी उठले आणि ती घेतली. त्या पानावरही मी टॅब आणि कडा नीट बसवली. कुणी मागितली नव्हती.

वाईट वाटलं का? वाटलं. चहाला लोक माझ्यापासून जरा लांब उभे राहायला लागले. जे स्वतः बांधलं ते दुसरा हाताळतोय हे बघणं सोपं नसतं. संध्याकाळी करंजाड्याला घरी जाताना मी मनातल्या मनात लीडशी भांडायचे आणि प्रत्येक भांडण जिंकायचे. पण एकदाही असं वाटलं नाही की सेटिंगचं ते पान उघडायला नको होतं.

काही महिन्यांनी मोबाइल वाजला. काकी.

"काय गो, इसरलीस?"

"नाही काकी. कशा आहात?"

"हाय, बसलेली. खुर्चीवर. आयक, तुजी ती उभी रेघ चांगली हाय. पन आता त्यांनी नवीन कायतरी टाकलंय, तक्त्याच्या खाली. येनाऱ्या ट्रकांची यादी. ती अशी बारीक, दोन वली दिसतात. ती वर खाली का नाय होत?"

"ते काम आता माझ्याकडे नाही."

"मंग कोनाकरं हाय?"

"त्या लीडकडे."

"त्याला सांग मंग. मी सांगितलंय म्हनून सांग. नाय तर मी येते पनवेलला."

मी लीडच्या टेबलाशी गेले. त्या दिवसानंतर आम्ही कामापुरतं आणि तेही इतरांमार्फत बोलत होतो. मी काकींचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, 'मी येते पनवेलला' सकट. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की भीती, मला सांगता येणार नाही.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याने सुरुवात केलेली होती. तक्ता आणि यादीच्या मधे आडवं हँडल, स्तंभांऐवजी ओळींचे ट्रॅक. ओढून दाखवलं. हँडल भलतीकडेच पळत होतं.

"काय कळत नाहीये," तो म्हणाला. लीड झाल्यापासून त्याने हे वाक्य माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसले. "तुम्ही अजून आडवं अंतरच मोजताय. इथे उभं मोजायचं. आणि वरच्या हेडरची, शीर्षकाच्या पट्टीची, उंची वजा केली नाहीत, म्हणून तेवढ्याने उडी मारतंय."

त्याने बदललं. हँडल बाणाबरोबर चालायला लागलं. त्याने ते दोनदा वर खाली केलं.

"किमान उंची किती ठेवू?" त्याने विचारलं.

"काकींना विचारा. फोन लावून देते."

"तूच विचार ना."

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही विचारा. आणि बाणाच्या कळा वर खालीच्या द्या, डाव्या उजव्याच्या नाही."

मी नंबर लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. पलीकडून काकींचा आवाज इतका खणखणीत आला की तो शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. लीड सरळ बसला आणि म्हणाला, "नमस्कार काकी. हो, मीच तो. बोला."